पोटातलं पाणी यकृताचं की हृदयाचं? निपाणी भागातलं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या या बाई. वय ५७, काम विड्या वळण्याचं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणत, इथेही तेच म्हणू.

लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्याने हृदयाची डावीकडची मायट्रल झडप हळूहळू अरुंद होत गेली. २००७ साली मिरजेला ऑपरेशन झालं आणि धातूची झडप बसली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिनोकुमॅरॉलची गोळी आणि ठोक्यांची गती आवरणारं डिगॉक्सिन चालू होतं. नाडी अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ऑपरेशनच्या आधीपासूनच होतं. पहिली काही वर्षं फॉलोअप नीट झाला. नंतर तो फक्त आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासण्यापुरता उरला. कागदांत शेवटचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सापडला तो २०१५ सालचा.

आमच्याकडे येण्याआधी साधारण सहा महिन्यांपासून पायांवर सूज होती. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईच्या पायांना सूज आली तर घरात कोणी फारसं मनावर घेत नाही, आणि इथेही तसंच झालं. मग पोट वाढायला लागलं. "परकराची नाडी पुरंना झाली बघा, आन् दोन घास खाल्ले की पोट तट्ट," हे मावशींचे शब्द. दंड आणि गाल मात्र आटत चालले होते. त्यामुळे बघणाऱ्याला बाई वाळत चालल्यासारखी दिसे आणि काट्यावर वजन मात्र वाढत होतं.

डोळे पिवळसर दिसू लागले तेव्हा घरच्यांनी आधी काविळीची माळ घातली, मग गावातल्या डॉक्टरांकडून यकृताचं टॉनिक सुरू झालं. पुढे एका दवाखान्यात पोटातून चार लिटर पाणी काढलं. दहा-बारा दिवसांत पोट पुन्हा तेवढंच झालं. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि खरबरीत दिसलं. फायब्रोस्कॅनमध्ये यकृताचा ताठरपणा ३२ किलोपास्कल आला आणि फाइलवर 'सिरॉसिस' असं लिहिलं गेलं. दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिराही नव्हत्या. सिरॉसिसमुळे एवढं पाणी झालं असेल तर या शिरा बहुधा सापडतात. हा धागा कुणी ओढून पाहिला नव्हता.

## समस्या

आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीत लिहिलं होतं: यकृताचा जुना आजार, क्रिएटिनिन वाढलेलं, लघवीच्या गोळ्या बंद करून सलाईन द्यावं का? क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं, असा हिशेब. त्या वेळी त्या फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ. दिवसातून दोनदा आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० मिग्रॅ. घेत होत्या.

आधीच्या तपासणीत 'मानेच्या शिरा सामान्य' असा शेरा होता. कॉटचं डोकं ४५ अंशांवर ठेवून पाहिलं तेव्हा आम्हालाही शीर चटकन दिसली नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मानेतली जुगुलर शीर ही उजव्या कर्णिकेला, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला, जोडलेली उभी नळी. तिच्यातल्या रक्ताची पातळी जिथे संपते तिथे हालचाल दिसते. दाब थोडा वाढलेला असेल तर ४५ अंशांवर ती पातळी मानेच्या मधोमध येते आणि सहज दिसते. पण दाब फारच वाढला, तर पातळी जबड्याच्या मागे, पार डोक्यात जाते. मानेत दिसते ती फक्त भरलेली, स्थिर नळी, आणि बघणाऱ्याला वाटतं शीर वर आलेलीच नाही.

म्हणून मावशींना कॉटच्या कडेला पाय सोडून ताठ बसवलं. तेव्हा उजव्या कानाची पाळी प्रत्येक ठोक्याला हलताना दिसली. ताठ बसलेल्या माणसाच्या गळपट्टीच्या हाडाच्या वर शिरेची हालचाल दिसली तरी दाब वाढलेला धरायचा असतो. इथे ती कानापर्यंत होती.

ही हालचाल धमनीची नाही कशावरून? धमनीचा ठोका झटक्याचा असतो, बोटाला टणक लागतो आणि श्वासाबरोबर जागा बदलत नाही. मावशींच्या मानेतली लाट संथपणे वर चढत होती, हृदय आकुंचन पावतानाच चढत होती, आणि श्वास आत घेतला की आणखी फुगत होती. हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप नीट मिटत असेल तर आकुंचनाच्या वेळी शिरेतली पातळी खाली जायला हवी. ती उलट वर चढते, याचा अर्थ उजवी जवनिका, म्हणजे खालचा कप्पा, रक्त फुप्फुसाकडे ढकलताना त्यातलं बरंचसं मागे, शिरांमध्ये फेकते आहे. हीच ट्रायकस्पिड झडपेची गळती.

पोटावर हात ठेवला तर यकृत बरगडीखाली चार बोटं, दाबल्यावर दुखणारं, आणि ठोक्याबरोबर हाताला ढकलणारं. पाण्याने भरलेल्या पोटात हे कळायला दोन्ही हात लागतात, एक पुढून आणि एक पाठीमागून. स्टेथोस्कोपने मात्र फारसं काही ऐकू आलं नाही. झडपेचं तोंड खूप मोठं उघडं राहिलं की रक्त जवळपास अडथळ्याविना मागे वाहतं आणि मर्मर, म्हणजे गळतीचा आवाज, मंद होतो. तेव्हा मर्मर नाही म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. फुप्फुसं स्वच्छ होती आणि मावशी उशीशिवाय सपाट झोपत होत्या. त्यामुळेच आजवर कुणाला हृदयाची शंका आली नव्हती. हृदयाचा आजार म्हणजे धाप, हे समीकरण डाव्या बाजूच्या बिघाडाचं आहे.

बिलिरुबिन ३.१, अल्कलाइन फॉस्फेटेज दुपटीने जास्त, बाकी एन्झाइम जवळपास नॉर्मल, अल्ब्युमिन ३.५. क्रिएटिनिन १.८, सोडियम १२९. रक्तदाब १०२/६८. आयएनआर ५.४, रक्तस्राव कुठेही नाही.

आधी काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट फाइलमध्येच होता: प्रथिनं ३.९ ग्रॅम, अल्ब्युमिन १.८. रक्तातलं अल्ब्युमिन ३.५ होतं, त्यातून १.८ वजा केले की १.७ उरतात. हा फरक १.१ किंवा त्याहून जास्त असला की पाणी शिरांमधल्या वाढलेल्या दाबामुळे जमलं आहे असं धरतात. सिरॉसिस आणि हृदयविकार या दोन्हींत फरक असाच येतो. त्यांना वेगळं करतात ती पाण्यातली एकूण प्रथिनं. सिरॉसिसमध्ये यकृतातली जाळी घट्ट झालेली असते, तिच्यातून गाळून येणारं पाणी पातळ, प्रथिनं बहुधा २.५ च्या खाली. हृदयामुळे तुंबलेल्या यकृतात ती जाळी अजून मोकळी असते, म्हणून प्रथिनं २.५ च्या वर. ३.९ हा आकडा हृदयाकडेच बोट दाखवत होता.

इकोमध्ये धातूची झडप व्यवस्थित उघडत-मिटत होती. हे पाहणं आवश्यकच होतं, कारण जुन्या झडपेवर गुठळी किंवा पेशींचा थर जमून ती अडली असती तर उपचारांची दिशाच वेगळी झाली असती. हृदयावरचं आवरण जाड होऊन आवळलं गेलेलं नाही ना, हेही पाहिलं. ऑपरेशन झालेल्या रुग्णात तेही असंच चित्र उभं करतं. डावी जवनिका ठीक. उजवी कर्णिका प्रचंड, ट्रायकस्पिडचं कडं ४८ मिमी ताणलेलं, पाकळ्या मधोमध भेटतच नव्हत्या, आणि यकृताच्या शिरांत रक्त प्रत्येक ठोक्याला उलट वाहत होतं. उजव्या जवनिकेची ताकद मध्यम कमी. फुप्फुसातल्या दाबाचा अंदाज इकोने ३८ दिला, पण एवढ्या मोठ्या गळतीत दोन्ही कप्प्यांचे दाब लगेच सारखे होतात, त्यामुळे हा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. त्यावर आम्ही भिस्त ठेवली नाही.

ट्रायकस्पिडच्या पाकळ्या मुळात फारशा खराब नव्हत्या. डाव्या बाजूचा वर्षानुवर्षांचा दाब फुप्फुसांमार्गे उजव्या जवनिकेवर आला आणि अनियमित ठोक्यांमुळे उजवी कर्णिका फुगत गेली. त्याबरोबर झडपेचं कडं ताणलं गेलं. गळती सुरू झाली की जास्तीच्या रक्ताने कप्पे आणखी फुगतात आणि गळती आणखी वाढते.

## विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय चिठ्ठीत सुचवलेला: लघवीचं औषध थांबवा, सलाईन द्या, मूत्रपिंडाला विश्रांती द्या. मावशींचा मुलगाही तेच म्हणत होता. "किडनी खराब झालीया म्हणालेत, आन् तुम्ही परत लघवीचंच औषध देतासा?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर कागदावर गणित मांडून दिलं.

मूत्रपिंडातून रक्त वाहतं ते आत येणारा दाब आणि बाहेर जाणाऱ्या शिरेतला दाब यांच्यातल्या फरकावर. १०२/६८ या रक्तदाबाची सरासरी येते साधारण ७९. कानापर्यंतची पातळी म्हणजे कर्णिकेपासून सुमारे २२ सेंमी रक्ताचा स्तंभ, पाऱ्याच्या भाषेत १७ मिमीच्या आसपास. म्हणजे मूत्रपिंडाच्या वाट्याला ६२ येतात. तुंबलेली मोरी वरून आणखी पाणी ओतून मोकळी होत नाही. सलाईनने धमनीकडचे ७९ फारसे वाढणार नाहीत, शिरेकडचे १७ मात्र नक्की वाढतील. तेच १७ औषधाने ८ वर आणले, तर रक्तदाब तेवढाच राहून वाट्याला ७१ येतात. हिशोब ढोबळ आहे, पण कोणत्या दिशेने जायचं हे त्यातून कळतं. क्रिएटिनिन १.८ हा आकडा कोरडेपणाचा की तुंबण्याचा, हे रक्ताच्या रिपोर्टवरून ठरत नाही. ते मानेवरून ठरतं.

दुसरा पर्याय पुन्हा पोटातून पाणी काढण्याचा. मावशींना श्वास घेणं असह्य झालं असतं तर थोडं काढलं असतं. पण कारण तसंच राहिलं तर पाणी परत येणार, प्रत्येक वेळी प्रथिनं वाया जाणार, आणि आयएनआर ५.४ असताना सुई टोचणं धोक्याचं.

तिसरा, घरीच गोळ्यांचा डोस वाढवायचा. अडचण अशी की तुंबण्याने आतड्यांनाही सूज येते आणि फ्युरोसेमाइडची गोळी उशिरा व कमी-जास्त शोषली जाते. गोळी चालू असूनही सूज वाढत होती, त्यामागे हे कारण असण्याची दाट शक्यता होती. म्हणून भरती करून शिरेतून औषध देण्याचा चौथा पर्याय घेतला.

थेट झडपेचं ऑपरेशन हा पाचवा. तुंबलेलं यकृत, ढासळलेलं मूत्रपिंड आणि वाढलेला आयएनआर या अवस्थेत कोणताही शल्यविशारद तयार झाला नसता. आधी पाणी उतरवायचं, मग त्या चर्चेला बसायचं असं ठरलं.

## केलेली कृती

पहिला डोस फ्युरोसेमाइड ८० मिग्रॅ. शिरेतून. डोस दिला आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनाची वाट पाहिली असं करायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. दोन तासांनी लघवीच्या नमुन्यात सोडियम तपासलं. ते ५० ते ७० च्या खाली आलं, किंवा पहिल्या सहा तासांत तासाला १०० ते १५० मिली लघवीही होत नसेल, तर डोस अपुरा. मावशींचं सोडियम ३८ आलं. लघवी होत होती, पण ती नुसतीच पाण्यासारखी. मीठ बाहेर पडल्याशिवाय सूज उतरत नाही. लगेच डोस दुप्पट केला, १६० मिग्रॅ., सावकाश पाऊण तासात, कारण एवढं औषध झटकन दिलं तर कानाला इजा होऊ शकते. या वेळी सोडियम ७६ आलं. तोच डोस दिवसातून दोनदा चालू ठेवला. सांगण्याचा मुद्दा असा की ८० मिग्रॅ.चा अपुरा डोस चार वेळा देऊन तो १६० मिग्रॅ.चं काम करत नाही. या औषधाला एक उंबरठा असतो, तो ओलांडल्याशिवाय परिणाम दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.८ वरून २.० झालं. इथे बहुतेकांचा हात थांबतो. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: मानेची शीर अजून वरच होती, लघवी भरपूर होत होती, हातपाय गरम आणि रक्तदाब शंभराच्या आसपास टिकून होता. म्हणून औषध तसंच चालू ठेवलं. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला असता, हातपाय गार पडले असते किंवा शीर खाली येऊनही क्रिएटिनिन चढत राहिलं असतं, तर थांबलो असतो.

६१ किलोचं वजन चौथ्या दिवशी ५६ वर आलं आणि तिथेच अडकलं. फ्युरोसेमाइड मूत्रनलिकेच्या एका भागात मीठ सोडतं, पण पुढचा भाग काही काळाने ते परत ओढून घ्यायला शिकतो. त्या पुढच्या भागावर काम करणारं मेटोलाझोन २.५ मिग्रॅ. दोन दिवस दिलं. वजन पटकन ५३ झालं आणि पोटॅशियम ३.१ वर घसरलं. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात ही जोडी वाईट. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची विषबाधा नेहमीच्या डोसवरही होते, त्यात मूत्रपिंड मंद असेल तर ते शरीरात साठतही जातं. मेटोलाझोन थांबवलं, पोटॅशियम दिलं, स्पायरोनोलॅक्टोन १०० मिग्रॅ. केलं आणि डिगॉक्सिन निम्म्यावर आणलं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीची गोष्ट याच्या जोडीनेच चालली होती. यकृत तुंबलं की गोठण्याचे घटक कमी तयार होतात, म्हणून जुनाच डोस जास्त होऊन आयएनआर ५.४ झाला होता. व्हिटॅमिन के देऊन तो झटकन उतरवला असता तर धातूच्या मायट्रल झडपेवर गुठळी होण्याची भीती. रक्तस्राव नव्हता, म्हणून फक्त गोळी थांबवली. आयएनआर २.९ झाल्यावर कमी डोसने सुरू केली. खरी काळजी पुढे होती. सूज उतरली, यकृत मोकळं झालं, आणि नवव्या दिवशी आयएनआर १.९ झाला. या झडपेला तो २.५ ते ३.५ हवा. डोस वाढवला आणि आयएनआर वर येईपर्यंत रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनचं संरक्षण ठेवलं. पाणी उतरवताना आयएनआरची भीती वाटते ती वर जाण्याची, खाली येण्याकडे दुर्लक्ष होतं.

थांबायचं कुठे, हा सगळ्यात अवघड निर्णय. झडप गळत असेपर्यंत मानेतली ती उलटी लाट पूर्ण जाणार नाही. लाट दिसते म्हणून औषध वाढवत गेलात तर रुग्ण वाळून जाईल. त्यामुळे आम्ही लाटेच्या आकाराकडे पाहिलं नाही, पातळीकडे पाहिलं. ४५ अंशांवर शिरेचं टोक मानेच्या खालच्या निम्म्यात दिसू लागलं, पायावर बोट रुतेना, भूक परत आली. वजन ४९.८ झालं त्या सकाळी मावशींना उठताना चक्कर आली आणि १.२ पर्यंत उतरलेलं क्रिएटिनिन पुन्हा १.५ झालं. औषध कमी केलं, वजन ५१ वर स्थिर झालं. हेच त्यांचं 'कोरडं वजन' म्हणून कार्डावर लिहिलं.

मिठाबद्दल बोलताना एक गोष्ट उघड झाली. घरात सहा महिने 'पथ्य' चालू होतं ते सैंधवाचं. सैंधव उपवासाला चालतं म्हणून ते आजारालाही चालतं, अशी समजूत. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. दिवसभरात मिळून एक सपाट चहाचा चमचा मीठ, त्यातच ठेचा, लोणचं, पापड आणि सुकट धरायचं, असं सुनेला दाखवून सांगितलं. दुकानात मिळणारं 'कमी सोडियमचं मीठ' घेऊ नका हेही बजावलं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि मावशी पोटॅशियम अडवून ठेवणारं स्पायरोनोलॅक्टोन घेत होत्या.

## निष्पत्ती

बाराव्या दिवशी घरी सोडलं. फ्युरोसेमाइडच्या जागी टॉर्सेमाइड ४० मिग्रॅ. सकाळी, कारण सुजलेल्या आतड्यातूनही ते बऱ्यापैकी खात्रीने शोषलं जातं. त्याने आयुष्य वाढतं असा दावा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत दोन्ही औषधांमध्ये मृत्यूदराचा फरक दिसला नव्हता. मावशींपुरतं शोषणाचं कारण पुरेसं होतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर २० मिग्रॅ. जास्त घ्यायचं आणि फोन करायचा.

आषाढात जुलाब झाले. गोळ्या मात्र नेमाने चालू राहिल्या. वजन ४८.६ आणि क्रिएटिनिन १.९. निपाणीच्या डॉक्टरांनी फोन केला, दोन दिवस टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही बंद ठेवली, मिठाचं पाणी दिलं आणि आकडे परत आले. या वेळी क्रिएटिनिन वाढण्याचं कारण कोरडेपणाच होतं, आणि ते मानेनेच सांगितलं: सपाट झोपवूनही शीर जेमतेम भरत होती.

चार महिन्यांनी वजन ५१.५, बिलिरुबिन १.३, पोटात पाणी नाही. फायब्रोस्कॅन ३२ वरून १७ वर आला. सहा महिन्यांच्या तुंबण्याने यकृतात थोडे व्रण राहिलेही असतील, पण ३२ मधला मोठा वाटा तुंबलेल्या रक्ताचा होता. 'सिरॉसिस' हे लेबल फाइलवर तसंच राहिलं असतं तर पुढची झडपेची चर्चाच झाली नसती.

ती चर्चा अजून संपलेली नाही. पाणी उतरल्यावर उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब मोजले. फुप्फुसातला सरासरी दाब २७, म्हणजे वाढलेला पण शस्त्रक्रिया अशक्य ठरवणारा नाही. छाती दुसऱ्यांदा उघडून ट्रायकस्पिड दुरुस्त करणं किंवा बदलणं हा एक मार्ग. उशिरा केलेल्या अशा ऑपरेशनचा धोका मोजताना बिलिरुबिन, लघवीच्या औषधाचा डोस आणि उजव्या जवनिकेची ताकद या गोष्टी जमेस धरतात, आणि मावशींच्या बाबतीत त्या फार अनुकूल नाहीत. मांडीच्या शिरेतून जाऊन पाकळ्या क्लिपने जोडणं हा दुसरा मार्ग. २०२३ साली त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात रुग्णांना बरं वाटण्यात स्पष्ट फरक होता, पण वर्षभरात मृत्यू किंवा भरती कमी झालेली नव्हती. शिवाय मावशींच्या पाकळ्यांमधली फट मोठी आहे आणि खर्च या घराच्या आवाक्याबाहेरचा. सध्या औषधांवर ठेवून दर तीन महिन्यांनी इको. पुन्हा भरती लागली, टॉर्सेमाइड ८० मिग्रॅ.च्या वर गेलं किंवा उजवी जवनिका आणखी मंदावली, तर ऑपरेशनचा प्रश्न त्याच आठवड्यात शल्यविशारदांपुढे मांडायचा, असं लिहून ठेवलं आहे. फार उशीर झाला की उजवी जवनिका झडप सुधारूनही उभारी धरत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगितलं आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मागे जायचं तर २००७ सालापर्यंत. डाव्या झडपेचं ऑपरेशन करताना ट्रायकस्पिडचं कडं ४० मिमीहून जास्त ताणलेलं असेल तर, गळती कमी असली तरी, त्याच वेळी रिंग बसवावी असं आजच्या मार्गदर्शक सूचना सुचवतात. त्या काळी हे सर्रास होत नसे, आणि मावशींचं कडं तेव्हा किती होतं हे कागदांत नाही. पण २०१५ नंतर एकही इको न होणं टाळता आलं असतं. आयएनआरसाठी त्या नियमित येतच होत्या. धातूची झडप असलेल्या माणसाला वर्षातून एकदा इको करून दिला असता तर पाकळ्या एकमेकींपासून दुरावत असताना, पोट फुगण्याच्या कितीतरी आधी, हे कळलं असतं.

दुसरी जागा म्हणजे पहिल्यांदा पोटातलं पाणी काढलं तेव्हाची. ३.९ ग्रॅम प्रथिनांचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात होता. ज्याच्या छातीवर ऑपरेशनचा व्रण आहे अशा रुग्णाच्या पोटातलं पाणी तपासताना अल्ब्युमिनचा फरक आणि एकूण प्रथिनं दोन्ही एकत्र वाचली असती, आणि त्याला कॉटच्या कडेला बसवून मान पाहिली असती, तर फायब्रोस्कॅन आणि दुर्बीण हे सगळं वाचलं असतं.

चौथ्या दिवशी वजन अडकलं तेव्हा मेटोलाझोनऐवजी अ‍ॅसिटाझोलामाइड देता आलं असतं का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. २०२२ च्या चाचणीत फ्युरोसेमाइडसारख्या औषधाच्या जोडीला ते दिल्यावर सूज लवकर उतरली होती, पण तिथे ते शिरेतून दिलं होतं आणि आमच्याकडे गोळीच हाताशी असते. सोडियम १२९ असताना मेटोलाझोनने ते आणखी घसरण्याची भीती होती, हा अ‍ॅसिटाझोलामाइडच्या बाजूचा मुद्दा. मेटोलाझोनचाच आग्रह असेल तर ते एकच दिवस देऊन पोटॅशियम पाहायचं, डिगॉक्सिन चालू असलेल्या रुग्णात तर नक्कीच.

जुलाबाच्या वेळचा प्रसंगही टाळण्यासारखा होता. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं, औषधाच्या दुकानातल्या मुलाने ते कन्नडमध्ये समजावलं आणि घरी सून मराठीतच वाचते. आता कार्डाच्या मागे मराठीत लिहिलेलं असतं: कोरडं वजन ५१. ५३ झालं तर जास्तीची अर्धी गोळी आणि फोन. ४९ झालं, किंवा उलट्या-जुलाब लागले, तर लघवीच्या दोन्ही गोळ्या बंद आणि फोन. रक्त पातळ करायची गोळी मात्र फोन केल्याशिवाय बंद करायची नाही.